चौथीने वाचलेलं खासगी पत्र

लढाईच्या दिवसांत सोनईच्या मराठी शाळेत दत्तोपंत गुरुजींची एक खोड सगळ्या गावाला ठाऊक होती. मोडीत लिहिलेलं कुठलंही पत्र आलं की ते आधी चौथीच्या वर्गाकडे जायचं. पाठ्यपुस्तकातली मोडी मुलांना पाठ होते, खरी मोडी लोकांच्या हातची, असं त्यांचं म्हणणं. त्यांच्या सासुरवाडीची भांडणंसुद्धा चौथीने अशीच वाचली होती.

त्या दिवशी पुणतांब्याहून मार्तंडचं पाकीट आलं. मार्तंड त्यांचाच विद्यार्थी, आता तिथला तरुण मास्तर. अक्षर इतकं सुबक की गुरुजींनी कौतुकाने ते चौथीतल्या रंगनाथच्या हाती दिलं. नेहमी अडखळणारा रंगनाथ त्या दिवशी घोड्यासारखा सुटला. भिंगारच्या लष्करी कचेरीत कारकुनी मिळते आहे, पगार दुप्पट, शाळा सोडू का? आणि शेवटी, "हे आपल्याखेरीज कुणालाही कळू देऊ नये."

हे वाक्य चौथीने दोनदा वाचलं. एकदा रंगनाथने, एकदा सगळ्यांनी मिळून.

संध्याकाळपर्यंत पिठाच्या गिरणीवर तोच विषय. त्यात दळणाला आलेल्या बनुबाईला आठवलं, ट्रेनिंगला जाताना मार्तंडने तीन वर्षं नोकरी करीन असं लिहून दिलं होतं, आणि जामीन होते गुरुजीच. तो मध्येच सुटला तर ट्रेनिंगचं विद्यावेतन गुरुजींकडून वसूल होणार.

"आता गुरुजी 'ऱ्हा' म्हननार, दुसरं काय?" बनुबाई म्हणाली.

हे कानावर येताच गुरुजींना झोंबलं, कारण मनात तेच आलं होतं. घरी त्यांच्या पत्नी अंबिकाबाई हसत म्हणाल्या, "खरं ते लिहा. पैसे भरू कसेतरी."

मग गुरुजींनी मार्तंडला झपाट्याने उत्तर लिहिलं. आधी पत्र चौथीकडून वाचून घेतल्याबद्दल माफी. पुढे: जामिनाचा विचार करू नकोस. जायचंच तर अर्ज शाळा तपासणाऱ्या डेप्युटींमार्फत स्कूल बोर्डाला दे, महिन्याची नोटीस दे, हजेरीपट आणि सामान सोपवून पावती घे, नाहीतर शेवटचा पगार अडकेल. पण त्याआधी भिंगारला एवढंच विचार, जागा कायमची की लढाईपुरती?

मग रोज टपालवाला दिसला की गुरुजींचा खडू थांबायचा. चौथीही माना वळवायची.

अखेर पाकीट आलं. वर लिहिलेलं, "चौथीने मोठ्याने वाचावे." आत अक्षर वाकडंतिकडं, ओळी खाली घसरलेल्या. गुरुजींनी हातात धरूनच ओळखलं, हे मुलांनी लिहिलंय. म्हणजे मार्तंड वर्गातच आहे! तरी त्यांनी पत्र रंगनाथकडे दिलं.

रंगनाथ अडखळत वाचू लागला. जागा लढाईपुरतीच निघाली. मास्तर राहणार. तीन वर्षांची मुदत संपली की पुन्हा विचार करतील, तेव्हाही गुरुजींनाच विचारतील.

"आणि," रंगनाथ म्हणाला, "आमची मोडी तुमच्या वर्गाला वाचता आली का, ते कळवावे."

"आली म्हणून लिही," गुरुजी म्हणाले, आणि चौथीला दौत-टाक काढायला सांगितलं.