मागच्या पानावरचा डेल्टा

"पेपरात पानाच्या खाली पी.टी.ओ. लिहून शाई वाया घालवू नका. मला पान उलटता येतं." हे मी दर वर्षी वर्गात म्हणायचे आणि वर्ग हसायचा. माझी जीभ तिखट आहे. त्या वाक्याचा मला जरा गर्वच होता, हे आधीच कबूल करते.

मी बदलापूरला राहते आणि उल्हासनगरच्या एका कॉलेजात तासिका तत्त्वावर गणित शिकवते. दर जूनला आमची नेमणूक नव्याने होते किंवा होत नाही. त्यामुळे मार्च उजाडला की आम्ही सगळे एकमेकांशी फार गोड वागायला लागतो.

त्या वर्षी सेकंड इयरला मी एक्सच्या एनव्या घाताचं शून्य ते एक इंटिग्रल, म्हणजे आलेखाखालचं क्षेत्रफळ, शिकवत होते. एन वाढत गेला की ते शून्याकडे जातं, हे सँडविचने, म्हणजे खालून-वरून दाबून, दाखवायचं होतं.

"मॅडम, सरळ इंटिग्रेट केलं तर एक छेद एन अधिक एक येतो," मागून एक जण म्हणाला. "लिमिट झिरो. एका ओळीत संपलं. मग हा कुटाणा कशाला?"

"उद्या ज्याचं इंटिग्रेशन होत नाही असं काही समोर येईल, तेव्हा रडत बसू नयेस म्हणून," मी म्हटलं.

मग फळ्यावर आलेख काढला. एकच्या अलीकडचा कुठलाही एक्स घ्या, एन वाढला की त्याचा घात शून्यावर येऊन बसतो. एकवर मात्र एन कितीही वाढवा, उंची एकच. सगळा धोका उजव्या टोकाच्या बारीक पट्टीत असतो. "बाकी सगळं शून्याकडे गेलं म्हणून निर्धास्त होऊ नका," मी सांगितलं. "एनचा वर्ग गुणिले एक्सचा एनवा घात गुणिले एक वजा एक्स, हे घ्या. प्रत्येक ठिकाणी शून्याकडे जातं, आणि खालचं क्षेत्रफळ तरीही एककडे जातं. ते सगळं त्या टोकाशी दडून बसतं." मला ते उदाहरण दर वेळी थोडं भीतीदायक वाटतं.

मी पट्टीची रुंदी एक छेद वर्गमूळ एन घेतली. पट्टीची उंची एकपेक्षा जास्त नाही, म्हणून तिचं क्षेत्रफळ रुंदीहून जास्त नाही, आणि एन वाढला की ती रुंदी शून्याकडे जाते. पट्टीच्या डावीकडचा भागही शून्याकडे जातो. खाली शून्य, वर शून्य, मधलं जाणार कुठे?

तास संपल्यावर दुसऱ्या बाकावरची मुलगी आली. ती चामटोलीहून यायची, वडील जांभूळ गावच्या पाण्याच्या प्लांटवर कामाला होते. "मॅडम, पट्टी एनबरोबर बारीक करायलाच पाहिजे का? डेल्टा एवढी ठरावीक रुंदीची एकदाच कापून ठेवली तर?"

"करून बघ," मी पर्स उचलत म्हटलं.

ती दारापर्यंत माझ्यासोबत चालली. "बाबा बोललेत, या वेळी केटी लागली तर कॉलेज बंद. काकांनी अंबरनाथला पॅकिंगमध्ये जागा सांगून ठेवलीय." केटी म्हणजे विषय राहणं. तिने हे रडून नाही, वेळापत्रक सांगावं तसं सांगितलं. मी म्हटलं, "लागत नाही गं तुला."

परीक्षेत तोच प्रश्न आला, आठ मार्कांना. पेपर आम्हीच कॉलेजात तपासायचे, नंबरावर कागद चिकटवून झाकलेले. त्या दुपारी अंबरनाथकडून केमिकलचा उग्र वास येत होता. खिडक्या बंद करून, घाम पुसत मी भराभर पेपर उडवत होते. एका पेपरात डेल्टाची पट्टी होती. पानाच्या तळाशी शेवटची ओळ: एक वजा डेल्टाचा एनवा घात अधिक डेल्टा, या बेरजेहून इंटिग्रल लहान किंवा तेवढंच. एन वाढला की पहिलं पद शून्य, पण डेल्टा तसाच उरतो. मॉडेल उत्तरात वर्गमूळ होतं, इथे नव्हतं. मी लाल पेनाने "डेल्टाचं काय झालं?" असं लिहून दोन मार्क दिले. पुढचा प्रश्न नव्या पुरवणीवर होता, तिकडे गेले.

रिझल्ट लागायच्या आधीच पुढच्या सेमिस्टरचे तास सुरू झाले. एके दिवशी मला मजा करायची लहर आली. ती ओळ फळ्यावर लिहून म्हटलं, "आपल्यातल्याच कोणीतरी इथे गाडी थांबवलीय. डेल्टा उरला आणि म्हणे सँडविच झालं." वर्ग हसला.

दुसऱ्या बाकावरून हात वर आला. "मॅडम, पण हे कुठल्याही डेल्टाला खरं आहे ना? मग लिमिट कुठल्याच डेल्टापेक्षा मोठी होऊ शकत नाही. म्हणजे शून्यच."

"बरोबर. पण हे लिहायला हवं होतं."

"लिहिलंय मॅडम," ती म्हणाली. "मागच्या पानावर."

वर्गाला काय घडलं ते कळलं नाही. आम्हा दोघींना कळलं. मी फळा पुसला आणि नवा धडा काढला.

मार्क पुढे गेले होते. परीक्षा विभागाचे सर म्हणाले, "मॅडम, चूक झाली असं लेखी द्या, गठ्ठा उघडतो. पण पत्र फाइलला राहील. जूनमध्ये परत नेमणुका आहेत, तुमचं तुम्ही बघा." मी म्हटलं, उद्या देते. उद्या-उद्या करत चार दिवस गेले. स्वतःला सांगत होते की ती बाकीच्या मार्कांवर पास होईलच. पाचव्या दिवशी रिझल्ट लागला. ती तीन मार्कांनी राहिली होती, आणि दुसऱ्या दिवसापासून बाक रिकामा झाला.

मग मी पत्र दिलं. लाज वाटली म्हणून दिलं, धैर्य आलं म्हणून नाही. गठ्ठा उघडला. मागच्या पानावर दोनच ओळी होत्या: डेल्टा कितीही लहान घेता येतो, म्हणून लिमिट शून्य. वर्गमूळाच्या माझ्या युक्तीपेक्षा ते जास्त साधं होतं. मी आठपैकी आठ दिले.

वर्गातल्या मुलींकडून पत्ता घेऊन दुपारी चारला अंबरनाथ एमआयडीसीत तिच्या पॅकिंग कंपनीच्या गेटवर उभी राहिले. शिफ्ट सुटली. ती निळा एप्रन घडी करत आली, मला बघून थांबली.

"तू पास आहेस," मी म्हटलं. "चूक माझी होती. लेखी दिलंय. सोमवारपासून ये."

"बाबा आता नाही सोडणार मॅडम. काकांनी शब्द टाकलाय इथं." एप्रन पिशवीत टाकत ती म्हणाली, "मी तेव्हा खाली पी.टी.ओ. लिहिलं होतं. मग तुमचं बोलणं आठवलं, म्हणून खोडलं."

पानाच्या खालच्या उजव्या कोपऱ्यातली ती खाडाखोड मी पेपर तपासतानाच पाहिली होती. शाईचा डाग समजून सोडून दिली होती.