मॉन्टेसरीतलं पाणी

विद्यापीठाच्या नामांतरावरून शहर तापलं होतं. नवरा चिकलठाण्याच्या कारखान्यात, म्हणून तीन वर्षांच्या मुलाची शाळा बघायला सासूबाई माझ्याबरोबर आल्या. त्यांना औरंगपुऱ्यातली बालवाडी पसंत होती. तिथं मुलांना ओळीत बसवून पाटीवर अक्षरं गिरवून घेत. मला मॉन्टेसरी हवी होती.

तिथं एक मुलगी काचेच्या छोट्या जगमधून पेल्यांत पाणी ओतत होती. थोडं सांडलं. मी पुसायला उठले, तर बाईंनी हातानंच थांबवलं. मुलीनं स्वतः फडकं आणून फरशी पुसली आणि एक पेला माझ्या मुलापुढं धरला.

"कुणाची गं तू? आडनाव काय?" सासूबाईंनी विचारलं.

तिला फक्त नाव सांगता आलं.

"चल, पोराला उचल," त्या मला म्हणाल्या. "इथं शिकवत नाय काही. नुस्तं पाणी ओतायचं."

आडनाव कशाला हवं होतं, ते मला पक्कं ठाऊक होतं. मी जागची हलले नाही. मुलानं पेला घटाघटा संपवला. मग त्याच जगमधून दुसरा पेला भरला आणि दोन्ही हातांनी सांभाळत आजीपुढं आणला.

सासूबाईंनी माझ्याकडं पाहिलं.

"घ्या," मी म्हणाले. "आता तर नातवाच्या हातचं आहे."