भिंतीवर वेगळं, तिच्यासमोर वेगळं

माझ्या धाकट्या भावाची बायको एका मोठ्या इस्पितळात नर्सना शिकवते. नोकरीला लागली तेव्हा ती स्वतः नर्सच होती. पुढे हिचं तोंड चांगलं चालतं हे वरच्यांच्या लक्षात आलं आणि त्यांनी तिला ट्रेनिंगला बसवलं. आमच्या घरात ते आधीच लक्षात आलं होतं, पण आम्हाला काही तिचा पगार वाढवता येत नव्हता.

तिची ख्याती अशी की बाई हातात कागद न घेता तासभर बोलतात. मागच्या पडद्यावर एका वेळी एकच फोटो, अक्षर एकही नाही. भिंतीवर वर्तमानपत्र चिकटवायचं नाही, हा तिचा नियम. औषध विभागाचे एक साहेब होते, ते बिचारे सगळं भाषण स्लाइडवर टाकायचे आणि लोकांकडे पाठ करून वाचायचे. एकदा चहाच्या टेबलावर ती त्यांना म्हणाली, "साहेब, आम्हाला वाचता येतं. घरूनच पाठवलं असतंत तर तुमचा येण्याजाण्याचा त्रास वाचला असता." साहेब हसले, पण कसे हसले ते मी तिच्याकडून बऱ्याच वेळा ऐकलंय. ती त्यांची नक्कलही करते आणि मी दर वेळी करायला लावते.

मागच्या वर्षी सकाळी केस विंचरताना तिच्या हातून फणी पडली. पडली ती उचलता येईना. मेंदूचा हलका झटका होता. हात महिन्याभरात सुधारला, चालणं तर बिघडलंच नव्हतं, पण शब्द पळायला लागले. त्यातही लबाडी बघा: 'ढवळ', 'उचल', 'ठेव' हे सगळं जाग्यावर आणि 'चमचा' गायब. "ते दे," म्हणायची, "ते ढवळायचं." डॉक्टर म्हणाले, काही परत येतील, काही येणार नाहीत, गडबडीत जास्त अडेल. इस्पितळात तिने सांगितलं की रक्तदाब वाढला होता. का, तर बोलता न येणाऱ्या ट्रेनिंगवालीचं ते काय करणार? "चादरी मोजायला बसवतील, वन्सं," मला म्हणाली. चेष्टा करत नव्हती. सबंध आयुष्य तिने बोलण्यावर काढलं होतं.

मग तिला स्लाइडच्या प्रोग्राममधला प्रेझेंटर व्ह्यू सापडला. तोपर्यंत लॅपटॉपला प्रोजेक्टर जोडायचा आणि बटण दाबायचं, एवढंच ती करायची; स्वतःच्या स्क्रीनकडे बघायची गरजच पडली नव्हती. माझ्या भावाने घरच्या टीव्हीला केबल लावून दिली. आधी त्याने दोन्ही स्क्रीन सारख्या केल्या, तर दोन्हीकडे नुसता फोटो. मग 'एक्स्टेंड' केलं आणि टीव्हीवर राहिला फोटो, लॅपटॉपवर मात्र सगळा संसार आला: डावीकडे चालू स्लाइड, तिच्यावर सरकणारं घड्याळ, उजवीकडे पुढची स्लाइड छोटीशी आणि तिच्याखाली टिपणं. अक्षर मोठं करायचं बटणसुद्धा. तिने वाक्य न् वाक्य त्या टिपणांत लिहून काढलं. समोर बसलेल्यांना त्यातलं काही दिसत नाही. वर्गात लॅपटॉप तिच्या पुढ्यातच असायचा. ती खाली बघायची, मग वर बघून बोलायची. नर्सा म्हणायला लागल्या, मॅडम आताशा किती विचार करून बोलतात. मला हे कळलं तेव्हा मी तिला म्हटलं, "आजारपणाने तुझी इज्जत वाढली गं."

तिला हसू आलं, पण पुरतं नाही.

सगळ्यांना मात्र असं फसवता येत नाही. नर्सिंगच्या प्रमुख, ज्यांना सगळे मोठ्या बाई म्हणतात, त्यांनी एका बैठकीत तिला तीनचार वेळा 'ते… ते' म्हणताना ऐकलं होतं. इतर इस्पितळांतल्या नर्सनाही बोलावून मोठ्या सभागृहात कार्यक्रम ठरला, तेव्हा मोठ्या बाईंनी मुद्दाम तिचं नाव घातलं आणि वर म्हणाल्या, "बघू. मग ट्रेनिंगचं काय करायचं ते ठरवू." एवढं वाक्य कुणालाही पुरेल.

भाऊ नेमका कामाने बाहेरगावी होता, म्हणून सोबतीला मी गेले. विषय तिचा हातखंडा: नर्सला वापरलेली सुई टोचली तर काय करायचं. आम्ही पोचलो तेव्हा सभागृह भरत आलं होतं. पडद्याचं आणि आवाजाचं बघणारा ऑपरेटर सभागृहाच्या पार मागच्या टोकाला टेबल मांडून बसला होता.

"फाइल द्या ताई," तो म्हणाला.

"माझा लॅपटॉप आणलाय. तो वर स्टेजवर ठेवते."

"वरची केबल मेलीये, आणि वर टेबलही नाही. सगळं इथून, माझ्या मशीनवरून चालतं. तुम्हाला वर स्लाइड सरकवायला क्लिकर मिळेल."

"मग मला वर काय दिसणार?"

"पायाशी टीव्ही ठेवलाय ना."

"त्यात काय येतं?"

"जे पडद्यावर, तेच."

तिचा चेहरा मी बघितला. पेन ड्राइव्ह तिने दिला, पण सोडला जरा उशिरा. मी तिला बाजूला घेऊन म्हटलं, "अगं, कागदावर का नाही आणलंस लिहून?"

"कागद बघून बोलले असते तर त्या औषधवाल्या साहेबांनी मला जन्मभर ऐकवलं असतं. पहिल्या रांगेत बसलेत बघा."

तेवढ्यात माइकवरून तिचं नाव पुकारलं. तिने फाइल घरच्या लॅपटॉपवर रोज तपासली होती. सभागृहात लॅपटॉप कुठे असेल हे विचारणं मात्र राहून गेलं होतं.

मी ऑपरेटरच्या शेजारी बसले. आता गंमत अशी की समोरच्या मोठ्या पडद्यावर एक स्टीलचा ट्रे आणि माझ्या नाकासमोर, त्या ऑपरेटरच्या लॅपटॉपवर, तिचं सगळं भाषण. ते जिच्या उपयोगाचं ती सगळ्यात लांब. उभं राहून मोठ्याने वाचून दाखवावं असं मला फार वाटलं. माझा आवाज तसा पोचतो.

पहिल्या दोन स्लाइडी ती पाठांतरावर निघाली. तिसरीला अडली. फोटोत हातमोजा घातलेला हात आणि त्यात ती वस्तू.

"समजा, काम आवरताना तुम्हाला ही… ही टोचली," ती म्हणाली. "ही…"

लोकांना वाटलं, विचारतायत. कुणीतरी "सुई" म्हणालं. ती पटकन म्हणाली, "बरोबर." निभावलं. मग "पहिल्यांदा काय करायचं? धुवायचं. वाहत्या पाण्याने आणि… आणि…" इथे कुणीच बोललं नाही. लॅपटॉपवर टिपणात लिहिलं होतं: 'साबण. पिळायचं नाही. घाबरायचं नाही.' ती पायाशी असलेल्या टीव्हीकडे बघत होती आणि टीव्हीत तोच हात होता. पहिल्या रांगेत मोठ्या बाईंनी चष्मा काढून हातात धरला.

मग ती माइकमध्येच बोलली, सरळ, मागच्या टोकाकडे बघून.

"दादा, तुमच्या स्क्रीनवर वरती डिस्प्ले सेटिंग्ज आहे. त्यात स्वॅप आहे. ते दाबा."

ऑपरेटर उभा राहिला. "ताई, मग तुमचं आतलं लोकांना दिसेल."

"माहितीये. दाबा."

त्याने माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "घरातही तिचंच ऐकतात सगळे. दाब."

पडदा क्षणभर काळा झाला. मग नुसती स्लाइड इकडे लॅपटॉपवर आली आणि तिकडे भिंतीभर तिची ती स्क्रीन: घड्याळ, आत्ताची स्लाइड, पुढची स्लाइड आणि टिपणं. पायाशी असलेल्या टीव्हीतही तेच. ऑपरेटरने न सांगता अक्षर मोठं केलं. सगळं सभागृह वाचायला लागलं. साबण, पिळायचं नाही, घाबरायचं नाही, हे तर होतंच. त्याखाली होतं: 'इथे थांब. पाणी पी. पहिल्या रांगेकडे बघून हस.'

आधी एक जण हसली, मग बऱ्याच. भावजयीने खरंच पाणी प्यायलं.

"मला मागच्या वर्षी झटका आला," ती म्हणाली. "मला सगळं कळतं, फक्त वस्तूंची नावं वेळेवर येत नाहीत. म्हणून मी लिहून ठेवते. रोज तुम्हाला न दाखवता वाचते, आज तुमच्यादेखत वाचते." आणि टीव्हीकडे बघत तिने वाचलं, "साबण."

पुढचं भाषण चांगलं झालं असं मी म्हणणार नाही. ते वेगळंच झालं. तिने प्रश्न विचारला की कोपऱ्यातल्या छोट्या पुढच्या स्लाइडमध्ये उत्तराचा फोटो आधीच दिसायचा आणि नर्सा ओरडून सांगायच्या. एके ठिकाणी टिपणात होतं, 'नवऱ्याचा विनोद. हसले नाहीत तर पुढे.' लोक विनोदाच्या आधीच हसले, आणि तिला तो सांगावाच लागला नाही. टिपण लांब असलं की ऑपरेटर खाली सरकवायचा, तिचं वाचणं जिथे पोचलं असेल ती ओळ समोर आणून ठेवायचा. घड्याळ वर सगळ्यांना दिसत होतं, त्यामुळे वेळ संपल्याचं तिच्या आधी मागच्या रांगेला कळलं.

खाली उतरली तेव्हा औषधवाले साहेब उभे होते. मी जवळ सरकले. असलं ऐकायचं कोण सोडतं?

"आज तुम्हीही भिंतीवर चिकटवलंत," ते म्हणाले.

"हो," ती म्हणाली. "बोला आता. पाळी तुमची."

"बोलायचं काही नाही. ते अक्षर मोठं करायचं बटण कुठे असतं ते सांगा. माझे डोळे गेलेत, म्हणून मी पडद्याकडे वळून वाचायचो."

ती खुर्ची ओढून, स्वतःचा लॅपटॉप उघडून त्यांना दाखवत बसली.

मोठ्या बाई शेवटी आल्या. गोड बोलण्याचा त्यांचा स्वभाव नाही. "मला आधी सांगायला हवं होतंत," त्या म्हणाल्या.

"सांगितलं असतं तर तुम्ही आज बोलायला ठेवलंच नसतंत."

"नसतं ठेवलं." त्यांनी लपवलं नाही. "वर्ग तुमच्याकडेच राहतील. आज दाखवलंत तसेच घ्या, उघडपणे. पण तातडीच्या वॉर्डातला सराव मी दुसऱ्या सिस्टरकडे देणार. तिथे पेशंट समोर असतो. तिथे शब्द त्याच क्षणी यायला हवा."

तो सराव तिचा जीव की प्राण. तिनेच सुरू केला होता. मला वाटलं, आता हिचं तोंड सुटणार. ती म्हणाली, "ते बरोबर आहे," आणि पर्स उचलली.

घरी जाताना रिक्षात मी विचारलं, "वाईट वाटलं?"

"वाटलं की. सराव गेला ना." थोड्या वेळाने म्हणाली, "पण मी त्यांच्या जागी असते तर मीही तेच केलं असतं. म्हणून जास्त वाटतंय."

मी तिची पर्स माझ्या मांडीवर घेतली.

पुढच्या आठवड्यात मी तिच्याकडे बसले असताना तिचा फोन वाजला. सराव ज्या सिस्टरकडे गेला होता, तिचाच. श्वास थांबलेल्या पेशंटसाठी ट्रॉलीच्या वरच्या खणात आधी काय ठेवायचं, हे विचारत होती. भावजय बोलायला लागली आणि मधेच थांबली. एरवी ती लगेच दुसरा शब्द घुसडायची, नाहीतर रेंज नाही म्हणायची. आता फोन कानाला तसाच धरून म्हणाली, "थांब. येतोय शब्द."

पलीकडून काही आवाज आला नाही. ती सिस्टर थांबली होती. मीही थांबले, आणि माझ्यासारखीला गप्प बसणं किती जड जातं ते घरात सगळ्यांना माहीत आहे.

"मास्क," भावजय म्हणाली. "मास्क आणि हवा दाबायची पिशवी. लिहून घे."