हात धरणारा फ्रिज

फ्रिज थंड असतो हे आपलं मत. उंदीर मागच्या बाजूनं येतो. तिथं कॉम्प्रेसर असतो, त्याच्या अंगाला रात्रंदिवस ऊब असते, वर ट्रेमध्ये वितळलेल्या बर्फाचं पाणी साचलेलं असतं आणि तिथं माणूस कधी डोकावत नाही. झुरळाला तर एवढंही लागत नाही, मोटर सुरू करणाऱ्या रिलेच्या झाकणाखालची बोटभर जागा त्याला पुरते. वॉशिंग मशीन खालून उघडंच असतं. अंबाजोगाईत एका डॉक्टरांच्या एसीच्या बाहेरच्या युनिटमध्ये मला सर्किटच्या कार्डावर चिकटून वाळलेला उंदीर सापडला होता, दोन टर्मिनलवर दोन पाय ठेवलेला. इतकी वर्षं फ्रिज-एसी दुरुस्त करताना हीच घाण उपसतोय, त्यामुळे भुताखेताचं कुणी सांगायला लागलं की मला हसू येतं. निदान त्या सकाळपर्यंत तरी येत होतं.

फोन कर्नाटकाकडच्या उसाच्या फडातून आला होता. तलवाड्याच्या पुढं एका गावात फोन करणाऱ्याची आई एकटी राहत होती. "आई म्हणती फ्रिजमधी कोन तरी हाय. तेवढं बघून या. तिचं साखरंचं इंजेक्शन असतंय त्यात, बंद करता येत न्हाई."

मी सकाळी साडेनऊला पोचलो. दसऱ्यानंतर माणसं ऊसतोडीला गेली की तिकडची गावं कशी होतात ते बघितलेल्यालाच कळेल. गल्लीत एकामागून एक कुलपं. मी गाडी बंद केली आणि माझ्याच किल्लीचा आवाज मला मोठा वाटला. अख्ख्या गल्लीत धूर निघत होता तो एकाच घरातून. उंदरांनाही तो दिसत असणार, कारण इतर घरांत त्यांना खायला काही उरलेलं नव्हतं.

मावशी सत्तरीच्या, काटक. जमिनीवर नुकतंच पोतेरं फिरवलेलं, माती ओली होती. कोपऱ्यात लाल फ्रिज. गावातली लाइट तेव्हा गेलेली होती. तरीही फ्रिजमधून आवाज येत होता. खरवडल्यासारखा, मग थांबायचा, मग कुणीतरी कूस बदलावी तसा. मी उंदीर ओळखतो, तरी अंगावर काटा आला. ते खोटं सांगण्यात काही अर्थ नाही.

"उंदरं हायेत मावशी," मी म्हणालो.

"उंदरं हायेत ते मला ठावं हाय," त्या म्हणाल्या. "उंदरांचं कोन बोलतंय."

मग त्यांनी सांगितलं. रोज सकाळी पोतेरं झालं की त्या इंजेक्शन काढायला फ्रिजला हात लावतात, आणि आतून कुणीतरी त्यांचं मनगट धरतं. सोडतं. परत धरतं. फ्रिज ठेवलाय तिथं आधी त्यांच्या मालकांची बाज होती. मालक त्याच बाजेवर गेले, दोन वर्षांपूर्वी. "ते लई बोलायचे न्हाईत. असंच मनगट धरायचे. पोरांना म्हनलं तर म्हनत्यात, आई, झोप घेत जा."

एवढ्यात लाइट आली. फ्रिज घरघरला. मी हँडलला हात लावला, काहीच नाही.

"पायताण काढून धरा, मंग कळंल," त्या म्हणाल्या.

मी घरात बूट घालूनच शिरलो होतो. लोकांना राग येतो, पण करंटाच्या कामात मी बूट काढत नाही. मी त्या ओल्या मातीकडं बघितलं. खिशातला टेस्टर काढून फ्रिजच्या दाराला टेकवला. दिवा लख्ख लागला.

प्लग बघितला. तीन पिनांपैकी मोठी पिन कुणीतरी मोडून काढलेली, जुन्या दोन भोकांच्या बोर्डात बसावा म्हणून. म्हणजे अर्थिंग नाहीच. मी बोर्डाचं बटण बंद करून प्लग उपसला, फ्रिज पुढं ओढला, हातमोजे घातले, तोंडाला फडकं बांधलं आणि मागची पट्टी खोलली.

आधी वास आला. मग घरटं दिसलं. लुगड्याच्या चिंध्या, कापूस, उसाचं वाळलं पाचट, सगळं कॉम्प्रेसरला लपेटलेलं आणि मुतानं ओलं. मधोमध पाच पिल्लं, गुलाबी, डोळे मिटलेली. झाकणाखालून झुरळं चारी बाजूंना पळाली. आणि वायर एका जागी इंचभर सोललेली, तांबं चकाकत होतं. ते तांबं आणि पत्रा यांच्यामध्ये त्या ओल्या चिंध्या होत्या. त्यांतून झिरपेल तेवढाच करंट पत्र्यात येत होता, आणि पाय ओले असले की मावशींच्या मनगटातून जमिनीत उतरत होता. चिंधी जरा सरकून तांबं थेट पत्र्याला लागलं असतं, तर दुसऱ्या दिवशी इंजेक्शन घ्यायला कुणी उरलं नसतं. मी हे त्यांना जसंच्या तसं सांगितलं. मला गोड बोलता येत नाही.



घरटं कोरडं झाडलं तर ती घाण श्वासात जाते, म्हणून जंतुनाशकाचं पाणी शिंपडून भिजवलं आणि पिशवीत भरून लांब पुरलं. पिल्लांचं काय केलं ते लिहीत नाही. रिलेवरची झुरळांची अंडी खरवडली. फवारा मारला नाही, मोटरीजवळ तो पेटू शकतो. सांध्यांत झुरळं मारायच्या जेलचे ठिपके ठेवले. विषाच्या गोळ्याही नाहीत, उंदीर आतच मरून महिनाभर कुजतो. भिंतीकडेला सापळा लावला. वायर बदलून लोखंडी नळीत घातली, मागं हवा खेळेल पण उंदीर शिरणार नाही अशी बारीक जाळी स्क्रूनं बसवली. नवा बोर्ड, तीन पिनांचा प्लग, आणि परसात खड्डा करून मीठ-कोळशात सळई पुरून अर्थिंग दिलं. दुपार झाली. शेवटी दिवा, टेस्टर, सगळं तपासलं आणि म्हणालो, "लावा आता हात. काय भ्यायचं न्हाई."

त्यांनी पाय ओले केले. मुद्दाम केले, मी बघितलं. हँडल धरलं. बराच वेळ धरून उभ्या राहिल्या. मग दुसऱ्या हातानं धरलं.

"न्हाई," त्या म्हणाल्या.

माणूस वाचवल्यावर इतकं वाईट मला कधी वाटलं नव्हतं. चहा न घेताच निघालो.

सापळा बघायला पंधरा दिवसांनी परत गेलो. सापळा रिकामा होता, भिंतीकडं उलटा करून ठेवलेला. फ्रिज पुढं ओढला. जाळीचा खालचा स्क्रू काढलेला होता आणि कोपरा बाहेरून वर वाकवलेला, उलथण्यानं वाकवावा तसा. आत कॉम्प्रेसरशेजारी तेल लावलेला भाकरीचा कुटका होता आणि मऊ लुगड्याची घडी.

मी कुटका हातात घेऊन वळलो. मावशी मागंच उभ्या होत्या. लाजल्या नाहीत.

"यायला किती दिस लागत्याल?" त्यांनी विचारलं.

"मावशी, उंदरं आली तरी मनगट धरायला ते आता येनार न्हाईत. सगळा करंट सळईतून जमिनीत जातोय."

त्यांनी मान हलवली, समजल्यासारखी. मग तो कुटका माझ्या हातातून घेतला, फुंकर मारून धूळ उडवली आणि परत तिथंच ठेवला.