न बघता सही

"आठ महिने इथं लोकांचं धुतलंस. आता साधी सही करायला जड जातंय?"

वॉर्डाची सीनियर नर्स इंग्रजीत म्हणाली. वॉर्डातल्या इतर दोघी नर्सांसमोर. त्या दोघी खाली बघत बसल्या.

परदेशातल्या त्या हॉस्पिटलात परवाना मिळालेली नर्स म्हणून माझी पहिली नाइट होती. सोलापुरात सात वर्षं मी आयसीयू सांभाळलं. इथं आधी इंग्रजीची परीक्षा, मग नर्सिंगची, मग प्रात्यक्षिक. त्यात एकदा नापास. तोवर मदतनीसाचा गणवेश, बेडपॅन, अंघोळी. गेल्या आठवड्यात नोंदणी क्रमांक आला. गणवेश बदलला. नजरा तशाच.

खुबा मोडलेले एक आजोबा कण्हत होते. त्यांना पाच मिलिग्रॅम मॉर्फिन द्यायचं होतं. अमली वेदनाशामक, म्हणून ते कुलपात असतं. दोन नर्सनी मिळून साठा मोजायचा, दोघींसमोर सिरिंज भरायची, उरलेलं दोघींसमोर टाकायचं, दोघींनी पेशंटजवळ जायचं. मग सह्या. सीनियरनं सगळं एकटीनं उरकलं होतं. सिरिंज भरलेली. औषधाची काचेची कुपी दहा मिलिग्रॅमची, उरलेलं पाच कुठं गेलं, मी बघितलं नव्हतं. माझ्यापुढं सहीसाठी नुसती वही सरकवली.

माझी आई सोलापूरच्याच शुक्रवार पेठेतल्या एका दवाखान्यात आया होती. तिच्यापुढंही कागद असेच सरकायचे. ती अंगठा द्यायची. काय लिहिलंय, कुणी वाचून दाखवलं नाही. तिनंही विचारलं नाही.

मी वही परत सरकवली. मी म्हटलं, "मी बघितलं नाही. सही करणार नाही."

रात्रपाळीच्या मॅनेजरला मीच फोन लावला. ती आली. साठा मोजला, बरोबर निघाला. पण उरलेलं टाकताना साक्षीला कुणी नव्हतं, तशी नोंद झाली. भरलेली सिरिंज आमच्यासमोर नष्ट केली. नवी भरली, मी डोळ्यांनी बघितली. आजोबांच्या मनगटावरचं नाव, जन्मतारीख, ॲलर्जी, आधीच्या डोसची वेळ, श्वास, सगळं तपासून इंजेक्शन दिलं. त्यांना वीस मिनिटं जास्त कळ सोसावी लागली. ते माझ्यामुळंही. मी त्यांची माफी मागितली.

ब्रेकला मी खोलीत शिरले तशा त्या दोघी नर्स कप घेऊन उठल्या. मी आईला फोन लावला. तिकडं सकाळ झालेली.

"जेवलीस का गं? तितं मान्सं बरी हायत न्हवं?"

"व्हय," म्हटलं. खोटं बोलले. फोन ठेवून डबा तसाच बंद केला.

पहाटे मी रात्री घडलेल्या प्रकाराचा रिपोर्ट कॉम्प्युटरवर भरला. वेळ, डोस, कोण हजर, कोण नाही. माझं नाव, माझा क्रमांक. सीनियर मागं उभी राहून म्हणाली, असं वागलीस तर इथं एकटी पडशील.

एकटी मी आठ महिने आहेच. पण सही माझी आहे. जे बघितलं नाही, त्याच्याखाली ती पडणार नाही. आज नाही. कुणाच्याही वॉर्डात नाही.