मनावर घेतलं असतं तर

परीक्षा जवळ आली की कलेक्टर आधी अडथळा शोधायचा. आमच्या सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकेत त्याला सगळे कलेक्टरच म्हणायचे. पद मिळालं नव्हतं. मनावर घेतलं तर मिळणारच, याची खात्री होती. विदर्भातून आला त्याच वर्षी, फारसं न वाचता, पूर्वपरीक्षा पास झाला. गावाने चौकात फ्लेक्स लावला. ती कशी निघाली हे त्यालाही सांगता येत नव्हतं. घोळ तिथेच झाला.

मुख्य परीक्षेच्या तोंडावर तो ढोलपथकात गेला. रोज सराव, हातांना फोड. ते फोड तो चहाच्या टपरीवर दाखवायचा. "काहीच वाचलं नाही बे. पाहू." आळस लोक लपवतात, हा जाहीर करायचा. थोडक्या मार्कांनी नापास झाला तेव्हा टपरी हळहळली, "ढोल बडवून एवढे मार्क! अभ्यास केला असता तर?" नापास होऊन भाव वाढलेला माणूस मी तिथेच पाहिला.

मग दर वर्षी अडथळा मोठा होत गेला. एका वर्षी बहिणीचं अख्खं लग्न त्याने एकट्याने अंगावर घेतलं. क्लासच्या सराव परीक्षेला मात्र कधीच बसला नाही. तिथे खरे मार्क कळले असते.

वयाच्या अटीमुळे शेवटची संधी उरली, त्या वर्षी तो आमच्या आंदोलनात आला. मागच्या वर्षीच्या रखडलेल्या भरतीसाठी उपोषण होतं. पत्रकं मी लिहायचो, तो वाटायचा.

"कलेक्टर, तुझी शेवटची आहे. जा, वाच."

"आधी न्याय, मंग अभ्यास." वाक्य माझ्याच पत्रकातलं.

मागणी मान्य झाली. पोरं लिंबूपाणी पिऊन अभ्यासिकेत परतली. हा उठेना. "लेखी आश्वासन कुठं भेटलं?" लेखी आलं, तर म्हणाला शब्द मोघम आहेत. परीक्षा आठवड्यावर आली होती आणि याचा चेहरा रोज अधिक शांत होत होता. मला त्याच्या उपाशी पोटापेक्षा त्या शांतपणाची भीती वाटली.

चक्कर येऊन पडला. सलाईनच्या खाटेशी मी चिडून म्हणालो, "एकदा तरी नीट वाचून बसायचं होतंस."

तो छताकडे बघत होता. "अन् तरी नापास झालो असतो, तर? मंग मी कोण राहिलो असतो बे?"

सुईच्या जागी पट्टी लावून त्याने पेपर दिले. व्हायचं तेच झालं. गावी निघाला तेव्हा बसच्या दारातून त्याने विचारलं, "मनावर घेतलं असतं तर झालोच असतो ना?" पोरं म्हणाली, "म्हणजे काय, कलेक्टर." तो हसला. सुटल्यासारखा.

परवा टपरीवर एका नव्या पोराने पाय दाखवला, प्लॅस्टरमधला. परीक्षा पुढच्या आठवड्यात. "काहीच झालं नाही रे वाचून." सगळे हळहळले, एकाने त्याच्या चहाचे पैसे दिले. पाय कसा मोडला, हे कोणी विचारलं नाही.