मागच्या बारीला किती लागलं

आमच्या अक्काने, म्हणजे माझ्या थोरल्या जाऊबाईने, बी.ए.ची सहा पुस्तकं स्वयंपाकघराच्या ओट्यावर रचली आणि दोन्ही हात कमरेवर ठेवून जाहीर केलं, "धाकटे, दोन महिन्यात चीतपट!"

मी परातीवर उलथनं वाजवून दाद दिली. मला तेवढं निमित्त पुरतं. शाळेच्या गॅदरिंगमध्ये एकदा राक्षसाचं काम केलं होतं, तेव्हापासून मी घरात साधं बोललेच नाही असं सासूबाई म्हणत.

दोन महिन्यांचा हिशोब अक्काने असा मांडला होता. सहा पुस्तकं, प्रत्येकात दहा घटक, म्हणजे साठ. एक घटक, एक दुपार. साठ दुपारी, विषय संपला. परीक्षा मे महिन्यात आणि आता दिवाळी नुकतीच झालेली. "उरलेले महिने नुसती उजळणी," ती म्हणाली, "मला कंटाळा यायला नको म्हणजे झालं."

लग्न झालं तेव्हा तिचं शेवटचं वर्ष राहिलं होतं. पुढे मुलं, सासूबाईंचं आजारपण, मग आमचा दोघींचा कडक भाकरीचा धंदा. मुलं नोकरीला पुण्याला गेली आणि तिच्या किडन्यांनी काम सोडलं. डायलिसिस सुरू झाल्यावर महिन्याभराने तिने मुक्त विद्यापीठात नाव घातलं. थोरले दीर म्हणाले, "आता कशाला गं?" ती म्हणाली, "आता न्हाई तर कवा?"

त्या साठ दुपारींमध्ये तिने डायलिसिसचे दिवसही धरले होते, हे मला फार आवडलं होतं. आठवड्यातून तीनदा, चार-चार तास, नुसतं पडून राहायचं! "बारा तास फुकटचे," ती म्हणाली. "कुणी हाक मारणार न्हाई, दूध उतू जाणार न्हाई. असा अभ्यास कलेक्टरला तरी मिळतो का?"

पहिल्या सोमवारी ती इतिहासाचं पुस्तक घेऊन ऐटीत गेली. डाव्या हातात दोन सुया, तो हात हलवायचा नाही. उजव्या हाताने पुस्तक धरलं की पान उलटायला हात उरेना. एसीच्या गारठ्याने चादर गळ्यापर्यंत. तिसऱ्या तासाला रक्तदाब उतरला, पायात गोळे आले, पुस्तक छातीवर आडवं पडलं. घरी आल्यावर अंधार पडेपर्यंत ती भिंतीकडे तोंड करून निजली.

"आज पहिलाच दिवस होता म्हणून," ती म्हणाली.

बुधवारी मी बरोबर गेले आणि पुस्तक मोठ्याने वाचायला लागले. मी काही वाचत नाही, सादर करते. तहाच्या वाटाघाटी मी दोन आवाजांत केल्या, गव्हर्नर जनरलला सर्दी झालेली दाखवली. शेजारच्या खाटेवर एसटीतून निवृत्त झालेले एक कंडक्टरकाका असत. ते डोळे मिटून ऐकायचे आणि मी श्वास घ्यायला थांबले की ओरडायचे, "चला, पुढं सरका, पुढं सरका, मागं जागा हाय!" नर्सबाई हसून मशीनला टेकायची. तेवढ्या वेळात सात पानं झाली. एका घटकाची पानं पंचवीस.

"आज कंडक्टरमुळं वेळ गेला," अक्का म्हणाली.

मग एकदा नणंदबाई आल्या म्हणून. मग गॅस संपला म्हणून. मग घटक वाचून झाला पण शेवटचे प्रश्न लिहायला बसली तर काहीच आठवेना, पुन्हा पहिल्यापासून, म्हणून. दर वेळी तिच्याकडे कारण होतं आणि दर वेळी ते खरं होतं. स्वयंपाकघराच्या दाराच्या आतल्या बाजूला ती खडूने झालेल्या घटकांच्या रेघा मारायची. चार आठवडे झाले तेव्हा तिथे सहा रेघा होत्या. दुपारींच्या हिशोबाने अठ्ठावीस हव्या होत्या.

त्याच सुमारास बार्शीच्या एका हॉटेलवाल्याचा फोन आला. दोनशे कडक भाकरी, शनिवारी पाहिजेत. अक्का भिंतीला टेकून, पाय सुजलेले, आवाज मात्र ठणठणीत.

"मंगळवारी मिळतील."

"मावशी, दोनशेला काय लागतंय? शनिवारी द्या की."

"मागच्या बारीला तुमच्या दोनशेला किती लागलं?"

"चार दिवस. पण त्या बारीला तुमच्याकडं लाइट गेली होती."

"ह्या बारीला दुसरं काय तरी जाईल. माझे हात तेच हायेत, तवा तोच हाय. मंगळवारी."

तिने फोन ठेवला. मी पिठाच्या हातांनी तशीच उभी राहिले. वीस वर्षांत तिची एकही ऑर्डर चुकली नव्हती, कारण ती कधीच मनाला विचारायची नाही, मागच्या ऑर्डरला विचारायची. थापणं, भाजणं, निववणं, पुड्या बांधणं, आणि मधे कुणाचं तरी बारसं, हे सगळं त्या जुन्या चार दिवसांत आधीच आलेलं असायचं.

मी उलथनं पोलिसाच्या दांड्यासारखं तिच्यावर रोखलं. "अक्का, पुस्तकाला पण हाच प्रश्न विचार की. मागच्या बारीला किती लागलं?"

ती दारापाशी गेली. मग खडू घेतला.

"चार आठवड्यात सहा," ती हळू म्हणाली. "नणंदबाई धरून, गॅस धरून, डायलिसिस धरून. परीक्षेला आता वीस आठवडे. शेवटचे चार उजळणीला सोडायचे. राहिले सोळा. सोळा आठवड्यात चोवीस." खडू दारावर टेकवून ती थांबली. "हे सहा आणि ते चोवीस. तीस घटक. तीन पुस्तकं, धाकटे. सहा न्हाई."

"पण आता तुला सवय झालीय, वेग वाढेल. पहिले घटक नवे होते म्हणून–"

"पहिले घटक सोपे होते," अक्का म्हणाली.

मला रडू यायला लागलं म्हणून मी राक्षसाचं हसू हसले. तीही हसली. पण खडू तिने खाली ठेवला नाही.

परीक्षेच्या फॉर्मवर विषय निवडायची सोय असते. तीन आता द्यायचे, तीन हिवाळ्यात. यात दुःख करण्यासारखं काय, असं मी तिला पुढच्या डायलिसिसला पटवत होते. "मेमध्ये तीन, हिवाळ्यात तीन, संक्रांतीला पदवी! मी सात रस्त्याच्या चौकात बँड लावते. तू जीपमध्ये उभी, मी पुढे नाचणार."

कंडक्टरकाकांच्या खाटेवर त्या दिवशी एक नवीन मुलगी होती. तिच्या उशाशी तिची आई बसलेली. मी नर्सबाईकडे पाहिलं, तिने नजर चुकवली.

अक्का खाटांच्या रांगेकडे बघत होती. "मागच्या उन्हाळ्यात हितं आम्ही पाचजण एका आठवड्यात मशीनला लागलो होतो," ती म्हणाली. "काका, त्या विडीवाल्या आजी, अक्कलकोटचा मास्तर, तो गॅरेजवाला आणि मी. आता गॅरेजवाला आणि मी."

"तुझं वेगळं आहे अक्का. काकांना साखर होती, आजींचं वय झालं होतं, मास्तर पथ्य पाळायचे नाहीत."

ती माझ्याकडे वळली आणि तिच्या चेहऱ्यावर इतकं मिश्कील, इतकं लाडाचं हसू आलं की ते मला अजून सहन होत नाही.

"झालं? नणंदबाई आल्या, गॅस संपला?"

मशीनचा पंप फिरत होता. मी पुस्तकाचं पान उगाच उलटलं.

"मग सगळीच दे की आता," मी म्हणाले. "सहाच्या सहा. मी दिवसभर वाचून दाखवते, भाकरी बंद करते. तुला जर असं वाटतंय, तर–"

"कच्च्या सहा कोण घेतं, धाकटे? तीन पक्क्या भाजू." तिने मोकळ्या हाताने माझी ओढणी सारखी केली. "आणि रडू नको, ती पोरगी घाबरंल. वाच. त्या सर्दीवाल्याचं काय झालं?"

मी वाचलं. गव्हर्नर जनरलला खरोखरच सर्दी झाल्यासारखं वाचलं.

तीन विषय तिने स्वतः निवडले. मला वाटलं, सोपे घेईल. तिने इतिहास, मराठी आणि राज्यशास्त्र घेतलं. "आवडीचे आधी," म्हणाली. अर्थशास्त्र बाजूला सारताना तिने दिरांकडे बघून सांगितलं, "हे आमच्या घरात चालतच न्हाई." डायलिसिसच्या दिवशी मी नुसतं वाचून दाखवायचं, तो अभ्यास धरायचा नाही, मिळाला तर वरकड, असं ठरलं. घटक संपला हे वाचून झाल्यावर म्हणायचं नाही, पुस्तक मिटून उत्तर लिहिता आलं की म्हणायचं. एका आठवड्यात एकही रेघ पडली नाही, ती दवाखान्यात भरती होती. तिने कपाळाला हात लावला नाही. "धरलेलं हाय त्यात," म्हणाली. आणि खरंच, एप्रिलच्या सुरुवातीला दारावर तीस रेघा होत्या.

मेच्या उन्हात मी परीक्षा केंद्राबाहेर लिंबाखाली बसायचे. पाणी मोजून प्यायची सक्ती होती तिला, म्हणून माझ्याकडे थर्मासमध्ये बर्फाचे बारीक खडे. ती बाहेर आली की एक खडा जिभेवर ठेवायची आणि डोळे मिटायची.

"वेळ पुरला?"

"पुरून उरला. दहा मिनिटं नुसती पंख्याकडं बघत बसले. लई भारी वाटलं गं."

पुरून उरलेला वेळ मी तिच्याकडे तेवढाच पाहिला.

निकाल जुलैत लागला. तिन्ही पास, राज्यशास्त्रात तर दिरांना चिडवण्याइतके गुण. मी उलथनं वाजवलं. ती ओट्याला धरून उभी होती, म्हणाली, "हळू, परात चेपेल." श्रावणात, एका मंगळवारी सकाळी, ती गेली. सोमवारचं डायलिसिस झालं होतं. बार्शीची ऑर्डर पोचली होती.

हिवाळ्याची परीक्षा येऊन गेली. दारावरच्या रेघा दिवाळीच्या रंगकामात पुसायच्या होत्या. रंगाऱ्याला मी त्या दाराला हात लावू दिला नाही.

परवा दीर माझ्यासमोर येऊन उभे राहिले. "ती पुस्तकं," म्हणाले, "राहिलेली तीन. कुणा गरजू मुलीला देऊन टाकू या का? फळी आवरायला तुला किती वेळ लागेल?"

"एक दुपार," मी म्हणाले.

जेवणं झाल्यावर स्टूल घेऊन बसले. वरचं अर्थशास्त्र होतं. धूळ झटकली, उघडलं, पहिल्या पानावर तिच्या अक्षरात तिचं नाव आणि सासरचं आडनाव. मी पहिला परिच्छेद वाचायला घेतला, मोठ्याने, मागणीच्या नियमाला एक घोगरा आवाज देऊन. चार ओळींनंतर पुढे जाता येईना. पुस्तक परत फळीवर ठेवलं.

रात्री दिरांना सांगितलं, एका दुपारीत होणार नाही.

"मग किती?" ते म्हणाले.

मागच्या बारीला किती लागलं ते मला माहीत नाही, हे त्यांना कसं सांगू? ही माझी पहिलीच बारी आहे.